डिचोलीहून फ्रान्सला एक तक्रार

राग आला की माझं फ्रेंच सुधारतं. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत, कोकमाच्या आगळाच्या आंबट वासात बसून मी ते शिकले.

आमच्या घरी मांद्र्याला बाबा आणि काका मराठी की कोकणी यावरून जेवणाच्या ताटावर भांडायचे. शाळेत तिसरी भाषा निवडायची वेळ आली तेव्हा दोघांनीही मला आपल्या बाजूला ओढायचा प्रयत्न केला, आणि मी चिडून फ्रेंच घेतलं. पुढे पणजीला बी.ए.लाही तेच ठेवलं. घरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना भाड्याने देत असू, त्यात एखादं फ्रेंच जोडपं आलं की मी त्यांना पाव कुठे मिळतो आणि पंखा का चालत नाही हे सांगायची. माझ्या फ्रेंचचा उपयोग तेवढाच, असं मी धरून चालले होते. नोकरी मिळाली ती कोकम सरबत आणि आगळ बाटल्यांत भरणाऱ्या एका छोट्या कारखान्यात, खरेदीचे कागद सांभाळायची.

मालकांना सगळे पात्रांव म्हणत. त्यांच्या वडिलांचं बाजारात किराणाचं दुकान होतं. त्यातून पात्रांवांनी हा कारखाना उभा केला. कामगार बहुतेक कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांतले. स्टोअर सांभाळायचे ते चंदगडकडचे, वयाने सगळ्यांत मोठे. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. कारखान्याला पत्रे नव्हते तेव्हापासून ते तिथे होते.

बाटल्यांना झाकणं हाताने बसवायची पद्धत बंद करायची म्हणून पात्रांवांनी फ्रान्समधल्या एका लहानशा घराण्याच्या कंपनीकडून यंत्र मागवलं. कोकमाचा मोसम उन्हाळ्यात, म्हणून त्याच्या आधी यंत्र पोचवायचं असं करारात स्पष्ट होतं. उशीर झाला तर दर आठवड्याला किमतीचे ठरावीक टक्के कापायचे, एका मर्यादेपर्यंत, हेही होतं. मोसम आला. बायका रोजच्यासारख्या रांगेत बसून हाताने झाकणं पिळत राहिल्या. यंत्राचा पत्ता नाही. पात्रांव इंग्रजीत ईमेल पाठवत, तिकडून दोन ओळींचं उत्तर येई किंवा येतच नसे. शेवटी कोकमं संपली, पाऊस आला, आणि गणेशचवथीच्या तोंडावर, वसाहतीतली निम्मी माणसं गावी जायच्या पिशव्या भरत असताना, न्हावाशेवाहून ट्रक आला.

पेट्या मोजल्या, बरोबर होत्या. मामांनी ट्रकवाल्याच्या कागदावर सही केली. मी म्हटलं, आज उघडून आतला माल यादीशी ताडून घेऊ, कारण काही कमी असेल तर ठरावीक दिवसांत लेखी कळवायचं असं विक्रीच्या अटींमध्ये आहे. मी त्या अटी वाचल्या होत्या. त्या फ्रेंचमध्ये होत्या, त्यामुळे त्या वाचणारी कारखान्यात मी एकटीच.

पात्रांवांनी ऐकलं नाही. "नाल्ल फोडल्याशिवाय पेट्यो उगडपाच्यो नात," ते म्हणाले. इतकं मोठं यंत्र, पहिल्यांदाच घरात येतंय, भटजी चवथीनंतरच मोकळे, मग मुहूर्त बघून पूजा, मग पेट्या. मला नारळाचं वावडं नाही. आमच्याकडे नवी सायकल आली तरी हळद-कुंकू लागतं. पण मी म्हटलं, पूजा यंत्राची करा, पेट्या आजच उघडू द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी सोवळ्यात चप्पल घालून आले होते.

आणि पेट्या राखायला कोण? मामा. त्यांचा घरचा गणपती चंदगडला, पोरंबाळं तिथे, पण पात्रांव म्हणाले की तुमच्याशिवाय दुसऱ्यावर माझा विश्वास नाही. मामा राहिले. चवथीचे सगळे दिवस तो माणूस कुलूप लावलेल्या स्टोअरच्या दारात खाट टाकून झोपला. नंतर जे झालं ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं, ते या खाटेमुळे.

पूजेच्या दिवशी मी तिथेच होते. नारळ फुटला, पेट्यांना हळद-कुंकू लागलं, लोखंडी पट्ट्या कापल्या गेल्या. त्या पट्ट्या जशाच्या तशा होत्या, कसलेल्या, गंज न चढलेल्या. यंत्र झकास होतं. पण एका पेटीत, यादीप्रमाणे जिथे एक आतलं खोकं असायला हवं, तिथे वर्तमानपत्राचे बोळे भरलेले होते. त्या खोक्यात आमच्या बाटलीच्या मापाची दातेरी चाकं आणि झाकणं पिळणारी डोकी असायला हवी होती. ती नसली तर यंत्र म्हणजे शोभेची वस्तू. मी एक बोळा उलगडला. फ्रान्समधल्या कुठल्याशा गावाचं वर्तमानपत्र होतं, शेतीच्या ट्रॅक्टरच्या जाहिराती.

मला वाटलं, झालं, आता तरी सगळ्यांना कळलं. खोकं तिकडेच राहिलं, आणि मोकळी जागा भरायला तिकडच्याच कुणीतरी तिकडचेच कागद कोंबले. यात न समजण्यासारखं काय होतं?

पण पात्रांव मामांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले की चवथीत स्टोअरला फक्त मामा होते. मी पट्ट्यांचं सांगितलं. ते म्हणाले, पट्टी ओढायचं यंत्र आपल्याच पॅकिंगमध्ये आहे, कुणीही नवी पट्टी मारेल. मी कागदाच्या बोळ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, कागद आधीपासूनच पेटीत असतील, खोकं काढून परत भरले. मी म्हटलं, पण ती चाकं विकणार कुणाला? आमच्या बाटलीशिवाय जगात दुसऱ्या कशाला ती बसत नाहीत. शेजारच्या शिरगावच्या खाणीवर बाटल्या भरतात का? यावर त्यांच्याकडे उत्तर होतं. पिळायची डोकी पोलादाची, भंगारवाला वजनावर घेतो.

मामांना कामावरून घरी बसवलं. पोलिसात द्यायचं की नाही ते नंतर ठरवू, म्हणाले. मामा वसाहतीबाहेरच्या खोलीत राहात. त्यांनी एवढंच सांगितलं की शिरगावच्या देवीच्या किंवा तुम्ही म्हणाल त्या देवळात चला, देवाच्या पायावर हात ठेवून सांगतो. खरं तर पात्रांवांसारख्या माणसाला हे पटायला हवं होतं. नारळाशिवाय पेटी न उघडणारा माणूस! पण मामांना घेऊन देवळात जायला त्यांना एकदाही वेळ झाला नाही. मला तेव्हाच कळलं की मामांचं खरं निघालं तर चूक कुणाची, हा प्रश्न उभा राहिला असता. आणि पेट्या उघडू न देणारा कोण, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

मग मला सांगितलं की फ्रान्सला कडक ईमेल लिही, आणि या वेळी त्यांच्या भाषेत, म्हणजे समजलं नाही असं म्हणता येणार नाही. "तुका जाय तें बरय, पूण तांका लागूंक जाय," पात्रांव म्हणाले. म्हणजे हवं ते लिही, पण त्यांना झोंबलं पाहिजे.

त्या काळी आमच्याकडे फोनच्या तारेवरचं इंटरनेट. लावलं की किरकिर करत बसायचं आणि पलीकडून कुणी फोन उचलला की तुटायचं. म्हणून मजकूर आधी टाइप करून ठेवायचा आणि मग जोडणी करायची. फ्रेंच अक्षरांवरच्या टिंबटोप्यांसाठी आल्टची कळ दाबून आकडे मारायला लागत. ते आकडे मी एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवले होते. पात्रांव मागे उभे राहून विचारत की एवढे आकडे कसले, किंमत लिहितेस काय.

मला शिव्या लिहायच्या होत्या. पण फ्रेंच व्यवहारात शिवी दिली की तुमचा पत्रव्यवहार कुठल्यातरी खालच्या माणसाकडे जातो आणि तिथेच मरतो. तिथे कडकपणा म्हणजे तारखा. विषयाच्या ओळीत मी लिहिलं, उशिरा आणि अपुरी पोच, भरपाईची मागणी. मग ऑर्डरचा क्रमांक, ठरलेली तारीख, प्रत्यक्ष तारीख. यादीतलं कुठलं खोकं आलं नाही, त्याच्या जागी काय होतं, पट्ट्या कशा होत्या. मोसम हातचा गेला हे एका वाक्यात, रडगाणं न गाता. मग मागण्या. राहिलेले भाग तुमच्या खर्चाने विमानाने पाठवा, अमुक तारखेच्या आत. उशिराबद्दल करारातल्या कलमाप्रमाणे कपात मान्य करा. यंत्र चालू झाल्यावर द्यायचा शेवटचा हप्ता माल पूर्ण होईपर्यंत आम्ही रोखून धरत आहोत. हे झालं नाही तर आम्हाला नाइलाजाने पुढचे उपाय योजावे लागतील. फ्रेंचमध्ये हे सगळं 'आपण कृपा कराल तर आम्ही आभारी राहू' अशा थाटात लिहायचं असतं, आणि जितकी मायाळू क्रियापदं तितकी सुरी खोल जाते. शेवटी आमच्या विशेष आदरयुक्त नमस्काराचा स्वीकार व्हावा, हे लांबलचक वाक्य. ते मी मराठीत सांगितलं तेव्हा पात्रांव भडकले. पैसे बुडवणाऱ्यांना नमस्कार कसला? मी म्हटलं, हा नमस्कार नसला तर ते आपल्याला अडाणी समजतील, आणि अडाण्याला भरपाई देत नाहीत. तेव्हा कुठे त्यांनी ते वाक्य राहू दिलं. तोच मजकूर छापून, सही-शिक्क्यासह, डिचोलीच्या पोस्टातून रजिस्टर्ड टपालानेही पाठवला, कारण नुसत्या ईमेलचं पुढे कोर्टात काय वजन राहील याची मला खात्री नव्हती.

एक मागणी मी पात्रांवांना मराठीत सांगितली नाही. मी लिहिलं होतं, की सदर खोकं आपल्या गोदामातून निघालं होतं का, याची आपल्या माल पाठवणाऱ्या विभागाकडून चौकशी करून लेखी कळवावं, कारण इथे एका माणसाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. हे वाक्य लिहिताना मी कुठल्याही मायाळू क्रियापदाचा वापर केला नाही.

पहिलं उत्तर आलं ते माझ्या अपेक्षेपेक्षा निर्लज्ज होतं. उशिराबद्दल दिलगिरी, पण माल कमी असल्याची तक्रार मुदतीनंतर आलेली आहे, आणि पेट्या कोणताही शेरा न मारता स्वीकारल्या गेल्या आहेत. म्हणजे नारळाची किंमत वसूल झाली. पात्रांवांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, की तपासल्याशिवाय सही कुणी केली. मला आयुष्यात पहिल्यांदा मालकाच्या टेबलावर काहीतरी फेकावंसं वाटलं. मी विचारलं, "पात्रांव, पेट्या उघडू नका म्हणून कुणी सांगितलं होतं?" ते म्हणाले की तो वेगळा विषय. तो वेगळा विषय नव्हता. तोच विषय होता.

मी पुन्हा लिहिलं. मुदतीची अट मला मान्य करावीच लागत होती, पण मी त्यांना आठवण करून दिली की उशीर त्यांचा, तो त्यांनी स्वतः कबूल केलेला, आणि शेवटचा हप्ता आमच्या हातात. त्यांच्या मोसमात त्यांना असं उशिरा आणि अपुरं यंत्र मिळालं असतं तर त्यांनी किती दिवस नमस्कार केले असते, असं विचारलं. आणि त्या चौकशीचं उत्तर पुन्हा मागितलं.

यानंतर बरेच दिवस काही नाही. मामा एकदा गेटपाशी भेटले. त्यांनी फक्त एवढं विचारलं, फ्रान्सचं काही आलं का. पगाराबद्दल विचारलं नाही, नोकरीबद्दलही नाही. गावाकडे कळलंय, म्हणाले. कुणीतरी चंदगडच्या बाजारात सांगितलं होतं, मामांनी यंत्राचे भाग विकले. मुलाच्या सोयरिकीचं बोलणं चालू होतं, ते थांबलं. "ताई, मी पेटीला हात लावला न्हाई," ते म्हणाले. मला हे सांगायची त्यांना गरज नव्हती, आणि तरी त्यांना ते सांगावं लागत होतं, म्हणून मी घरी जाऊन आईवर चिडले, भावावर चिडले, म्हापशाच्या बसमध्ये कंडक्टरवर चिडले.

ज्या सकाळी उत्तर आलं त्याच सकाळी पात्रांवांनी मामांना हिशेब घ्यायला बोलावलं होतं. हिशेब म्हणजे कायमचा, पैशाचं पाकीट टेबलावर तयार होतं. मामा केबिनच्या दाराशी उभे होते, हातात टोपी. पात्रांव टेबलामागे, मी कॉम्प्युटरसमोर. "वाच," पात्रांव म्हणाले.

मी वाचायला लागले. उशिराबद्दलची कपात करारातल्या कलमाप्रमाणे मान्य, शेवटच्या हप्त्यातून वळती करू. पात्रांवांनी टेबलावर थाप मारली. राहिलेले भाग विमानाने पाठवू, आमच्या खर्चाने. ते खुर्चीत मागे रेलले. हे मी शब्दन् शब्द बरोबर सांगत होते. मग आलं, आणि ते मी मनातच वाचलं, की हे आम्ही व्यापारी सौजन्य म्हणून करत आहोत, कोणतीही जबाबदारी न स्वीकारता. फ्रेंच कंपन्या असंच लिहितात. पैसे देतात आणि हात धुतात. त्याखाली एक ओळ होती, माझ्या चौकशीचं उत्तर. आमच्या गोदामाने खात्री केली आहे की पेटी निघताना पूर्ण भरलेली होती. आपण आपल्याच कर्मचाऱ्यांकडे चौकशी करावी, अशी आम्ही नम्र सूचना करतो.

नम्र सूचना. मीच विचारलं होतं, म्हणून त्यांनी सांगितलं होतं. मी विचारलं नसतं तर ही ओळ कधी लिहिलीच गेली नसती. पात्रांव म्हणाले, पुढे काय लिहिलंय? मी पडद्याकडे बघत राहिले. त्या गोदामातल्या माणसाचा चेहरा मला दिसत होता, ज्याने वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि दुपारच्या जेवणाला निघून गेला. त्याच्या शब्दाला कुणी देवळात नेलं नव्हतं.

मी म्हटलं, "लिहिलंय की चौकशीत खोकं त्यांच्याच गोदामात सापडलं. चूक त्यांच्या माणसाची. तुमच्या माणसांवर आळ येऊ नये, असंही लिहिलंय."

आजच्या काळात कुणीही भाषांतर करणारा फोन त्या ओळीसमोर धरला असता आणि मी क्षणात पकडले गेले असते. तेव्हा तसं काही नव्हतं. केबिनमध्ये फ्रेंच येणारी मी एकटीच होते. त्या नम्र सूचनेला माझं उत्तर मी त्याच दिवशी पाठवलं. आयुष्यात मी लिहिलेलं सगळ्यांत तिखट फ्रेंच ते, आणि त्याचं उत्तर कधी आलं नाही. पण ते नंतर.

पात्रांव एकदम मऊ झाले. इतके मऊ, की माझा राग दुप्पट झाला. चेहऱ्यावरचा संशय पुसला गेला, कसा पुसला गेला ते मी समोर बघत होते. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. प्रिंट काढ, फायलीला लाव, एवढंच म्हणाले, आणि उठून मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, मनाक लावन घेवं नाका," म्हणाले, आणि खिशातून स्टोअरची चावी काढली. सोमवारपासून कामावर या, म्हणाले. पुढच्या चवथीला गावी जायची रजा पगारी देतो, असंही म्हणाले.

मामांनी चावी घेतली नाही. त्यांनी मला ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मी पडद्याकडे बघत पुन्हा वाचलं, तेच शब्द, एकही मागेपुढे होऊ न देता. ते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, हे गावाकडे सांगितलं तर चालेल ना? मी म्हटलं, चालेल, कुणालाही सांगा. त्यांनी हिशेबाचं पाकीट टेबलावरून उचललं, नीट खिशात घातलं, आणि टोपी डोक्यावर ठेवली. पात्रांवांचा हात अजून चावीसकट पुढे होता. त्यांना वाटलं मामांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, सोमवारपासून.

मामा दारातून वळले. आवाज चढवला नाही. "फ्रान्सच्या माणसाचं ऐकलात, बरं झालं पात्रांव," ते म्हणाले. "मी हितंच हुतो की."